दवाखान्यातला 6.7 आणि लॅबमधला 6.2

डॉक्टर, माझी पत्नी 43 वर्षांची आहे. गावाजवळच्या दवाखान्यात बोटातून रक्त घेऊन छोट्या यंत्रावर तिची तीन महिन्यांची साखर तपासली, ती 6.7 आली. मधुमेह सुरू झाला असे सांगून गोळी लिहून दिली. दहा दिवसांनी कणकवलीच्या लॅबसाठी शिरेतले रक्त दिले, तिथे 6.2 आली, उपाशीपोटी साखर 104 आणि हिमोग्लोबिन 9.1. तिला पाळीत रक्त फार जाते. गोळी अजून सुरू केलेली नाही. कोणता आकडा खरा मानायचा? मला स्वतःला आठ वर्षे मधुमेह आहे. त्याच यंत्रावर माझा आकडा 8.4 आला, तीन महिन्यांपूर्वी 8.6 होता. मीही लॅबमध्ये जावे का?
– एक वाचक, देवगड तालुका

नमस्कार.

तुमच्या पत्नीचा निर्णय 6.7 आणि 6.2 यांच्या वादावर सोडू नका, कारण हिमोग्लोबिन 9.1 असताना हे दोन्ही आकडे निदानासाठी पुरेसे भरवशाचे नाहीत. त्यांना मधुमेह आहे की नाही, हे आता थेट रक्तातली साखर मोजूनच ठरवावे लागेल. म्हणजे 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केली जाणारी तपासणी करावी लागेल, आणि तिचा निकाल हातात येईपर्यंत गोळी थांबवून ठेवण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे. खूप तहान लागणे, रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे, कारण नसताना वजन उतरणे अशी लक्षणे त्यांना असतील तर मात्र थांबू नका. त्याच दिवशी शिरेतल्या रक्तातली साखर तपासून घ्या. अशी लक्षणे असताना ती 200 किंवा त्याहून जास्त भरली, तर निदानासाठी आणखी पुष्टीची गरज राहत नाही. तुमच्या पत्रात अशा लक्षणांचा उल्लेख नाही, त्यामुळे ती नाहीत असे धरून मी पुढे लिहितो.

तीन महिन्यांच्या साखरेची तुम्ही लिहिलेली तपासणी म्हणजे एचबीए1सी. तिचा आकडा दोन वेगवेगळ्या कारणांनी चुकू शकतो आणि ही कारणे वेगळी ठेवली नाहीत तर माणूस एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये फिरत राहतो. एक चूक मापनातली असते: यंत्र, त्याचे साहित्य, रक्त घेणारा हात. दुसरी चूक रक्तातच असते. तिथे यंत्र आपले काम चोख करते, पण जे मोजले जाते त्याचाच साखरेशी असलेला नेहमीचा संबंध बिघडलेला असतो. पहिल्या प्रकारची शंका चांगल्या लॅबमध्ये जाऊन फिटते. दुसऱ्या प्रकारची शंका मात्र कितीही भारी यंत्रावर रक्त घातले तरी तशीच राहते. तुमच्या पत्नीच्या बाबतीत दोन्ही प्रकारच्या शंकांना जागा आहे.

आधी मापनाचे पाहू. अमेरिकेतील राष्ट्रीय प्रमाणीकरण कार्यक्रम एचबीए1सी मोजणाऱ्या पद्धतींना प्रमाणपत्र देतो. त्याच्या सध्याच्या निकषानुसार 40 नमुन्यांपैकी किमान 36 नमुन्यांचा निकाल संदर्भ प्रयोगशाळेच्या निकालापासून वर किंवा खाली 5 टक्क्यांच्या आत असावा लागतो. हे 5 टक्के म्हणजे आलेल्या आकड्याचे 5 टक्के. 6.7 या आकड्याला ते लावले तर 6.4 ते 7.0 अशी पट्टी तयार होते आणि 6.2 ला लावले तर 5.9 ते 6.5 अशी. या दोन पट्ट्या 6.4 ते 6.5 दरम्यान एकमेकींवर येतात. याचा अर्थ असा की तुमच्या पत्नीचा खरा आकडा तेवढा असता, तर दवाखान्यातले यंत्र आणि लॅबचे यंत्र दोन्ही आपापल्या मान्य मर्यादेतच बोलली असे म्हणावे लागेल. अडचण एवढीच की मधुमेहाच्या निदानाची रेषा नेमकी 6.5 वर आखलेली आहे. तीच फारकत 9.0 आणि 9.5 मध्ये असती तर कोणाचीही झोप उडाली नसती. इथे मात्र एका आकड्याने त्या मधुमेही ठरतात आणि दुसऱ्याने ठरत नाहीत.

मात्र हे प्रमाणपत्र मिळते ते उत्पादकाच्या देखरेखीखाली, सरावलेल्या हातांनी आणि नीट सांभाळलेल्या साहित्यावर केलेल्या मोजमापाला. गावातल्या दवाखान्याच्या टेबलावरचे यंत्र त्याच अचूकतेने चालेल याची हमी त्यात नसते. 2010 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशी आठ यंत्रे बारकाईने तपासली, तेव्हा त्यांपैकी सहा यंत्रे अचूकतेच्या सर्वमान्य निकषांत बसली नव्हती. त्यानंतर ही यंत्रे पुष्कळ सुधारली आहेत, आजची चांगली यंत्रे लॅबच्या तोडीचे निकाल देऊ शकतात, आणि तुमच्या डॉक्टरांनी गावात असे यंत्र आणले याबद्दल मला आदरच वाटतो. पण या यंत्रांना किनारपट्टीवर काय सोसावे लागते, तेही लक्षात घ्यायला हवे.

एका तपासणीला लागणारे कार्ट्रिज फॉइलच्या पाकिटात बंद असते आणि ते साधारणपणे 2 ते 8 अंश सेल्सिअसला फ्रीजमध्ये ठेवायचे असते. त्यात अभिकर्मकाचे सुकवलेले किंवा द्रवरूप अत्यंत अल्प प्रमाण असते, आणि उष्णता व ओल हे त्याचे दोन शत्रू आहेत. आपल्याकडे या दोहोंची कमतरता नाही. पहिल्या वादळी पावसात लाईट गेली की ती कधी कधी दुसऱ्या दिवशीच येते, आणि तोवर फ्रीजमधले तापमान कुठवर चढले याची नोंद बहुतेक ठिकाणी कोणी ठेवत नाही. दुसरा प्रकार त्याहून साधा आहे. रुग्ण समोर बसलेला असतो, घाईत फ्रीजमधून पाकीट काढून लगेच फोडले जाते, आणि जुलैच्या दमट हवेत त्या थंड कार्ट्रिजवर क्षणात दव धरते. पाकीट बंदच ठेवून ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचे आणि फोडल्यावर माहितीपत्रकात दिलेल्या वेळेत वापरायचे, हा नियम त्यासाठीच आहे. यंत्रालाही तापमानाची मर्यादा असते. बऱ्याच यंत्रांची ती 30 ते 32 अंशांच्या आसपास संपते, आणि मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखालच्या शिबिरात त्यापेक्षा जास्त तापमान सहज असते. चांगले यंत्र अशा वेळी चूक दाखवून थांबते, पण उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेले कार्ट्रिज कालच तापून गेले आहे, हे यंत्राला कळत नाही.

मग बोटातून रक्त घेण्याची कृती. स्पिरिटने पुसलेले बोट पूर्ण वाळू द्यावे लागते. सुईने टोचल्यावर पहिला थेंब पुसून दुसरा घेतात, आणि कार्ट्रिजच्या बारीक नळीचे टोक त्या थेंबाला नुसते टेकवतात. लागणारे रक्त एक-दीड मायक्रोलिटर, म्हणजे टाचणीच्या डोक्याहून लहान. नळी बुडबुडा न येता भरली पाहिजे, आणि तिच्या बाहेरच्या अंगाला लागलेले रक्त टिपताना टिपकागद उघड्या टोकाला लागता कामा नये, नाहीतर तो आतलेच रक्त ओढून घेतो. नंतर रक्त गोठायला वेळ न देता नळी यंत्रात घालायची. यंत्र ग्लुकोज चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे एकूण हिमोग्लोबिनशी प्रमाण काढते, म्हणून रक्त किंचित कमी-जास्त झाले तर तेवढे बिघडत नाही. पण स्पिरिट मिसळलेले किंवा गोठू लागलेले रक्त आकडा बिघडवू शकते. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण देवगडात आंब्याच्या दिवसांत ती कामाची आहे. हात न धुता ग्लुकोमीटरवर साखर तपासली तर बोटाला लागलेल्या रसाने आकडा भलताच वाढतो. एचबीए1सीच्या यंत्राला त्या रसाने काही फरक पडत नाही, कारण हिमोग्लोबिनला साखर चिकटायला आठवडे लागतात.

दवाखान्यातले यंत्र नीट चालते आहे की नाही हे ओळखण्याचा मार्ग एकच, आणि तो आहे कंट्रोल. माहीत असलेल्या दोन पातळ्यांचे द्रव मिळतात, एक साधारण आकड्याचे आणि एक वाढलेल्या आकड्याचे. नवा लॉट उघडल्यावर, लाईट बराच वेळ जाऊन आल्यावर, यंत्र दुसरीकडे हलवल्यावर आणि एरवीही ठरलेल्या अंतराने ते यंत्रावर लावून आकडा अपेक्षित पट्टीत येतो की नाही हे वहीत लिहायचे असते. कंट्रोलचा खर्च येतो आणि त्यातून रुग्ण तपासला जात नाही, म्हणून लहान दवाखान्यांत हे काम मागे पडते. तुम्ही डॉक्टरांना अगदी नम्रपणे विचारू शकता की, "त्या आठवड्यात यंत्राला कंट्रोल लावला होता का?" हा प्रश्न विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही, आणि चांगल्या डॉक्टरांना तो आवडतो. कार्ट्रिजचा एखादा लॉट बिघडला असेल तर त्या दिवसांत तपासलेल्या सगळ्यांचे आकडे एकाच दिशेला सरकलेले असतात, आणि ते त्या वहीतच दिसते.

लॅबमध्ये काय वेगळे होते, तेही सांगतो. तिथे शिरेतले रक्त जांभळ्या टोपणाच्या, ईडीटीए असलेल्या नळीत घेतात. मोठ्या लॅबमध्ये एचपीएलसी नावाची पद्धत असेल तर रक्तातले हिमोग्लोबिनचे वेगवेगळे प्रकार एका स्तंभातून जाताना विद्युत्भारानुसार एकामागून एक बाहेर पडतात आणि त्यांचा आलेख उमटतो. या आलेखालाच मी अधिक मोल देतो. छोटे यंत्र फक्त एक आकडा दाखवते. आलेखावर मात्र एखादे अनोळखी शिखर दिसले, गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन प्रमाणापेक्षा जास्त दिसले, तर पाहणारा सावध होतो आणि आकडा द्यायचा की थांबवायचा हे ठरवतो. शिवाय तिथे रोज दोन पातळ्यांचे कंट्रोल लावतात, आणि अनेक लॅब वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या बाह्य गुणवत्ता योजनेसारख्या योजनांत भाग घेऊन बाहेरून आलेल्या अनोळखी नमुन्यांवर स्वतःला तपासून घेतात. पण लॅब म्हटली की एचपीएलसीच असते असे नाही. पुष्कळ ठिकाणी बायोकेमिस्ट्रीच्या साध्या यंत्रावर प्रतिपिंडांच्या पद्धतीने हीच तपासणी होते. रिपोर्टवर पद्धतीचे नाव छापलेले असते, ते वाचा. नसेल तर विचारा.

आता रक्तातल्या कारणाकडे येतो; तुमच्या पत्नीसाठी ते सर्वांत महत्त्वाचे आहे. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते आणि त्या काळात रक्तातली साखर तिच्यातल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत राहते. पेशी जितकी जुनी, तितकी तिच्यावर जास्त साखर चढलेली. म्हणून एचबीए1सीचा आकडा फक्त साखरेवर अवलंबून नसतो. रक्तातल्या पेशींचे सरासरी वय किती, यावरही तो अवलंबून असतो. लोह कमी पडले की नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचा वाटा वाढतो, आणि साखर तितकीच असूनही आकडा काही दशांशांनी वर सरकू शकतो. उलट, नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवले असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील, तर पेशींचे सरासरी वय घटते आणि आकडा खोटाच कमी दिसतो. पाळीत वर्षानुवर्षे जास्त रक्त जाणाऱ्या बाईच्या शरीरात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असतात. बहुधा लोहाच्या कमतरतेचा परिणाम वरचढ ठरतो, पण एखाद्या व्यक्तीत तो किती, हे आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणूनच 6.2 हा लॅबचा आकडाही मी त्यांच्या बाबतीत निदानासाठी वापरणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली निदानासाठी 6.5 ची रेषा मान्य केली, तेव्हाच मापन प्रमाणित आणि गुणवत्तेच्या कडक नियंत्रणाखाली असावे, आणि रुग्णाला मापन बिघडवणारी स्थिती नसावी, अशा अटी घातल्या होत्या. तुमच्या पत्नीच्या बाबतीत दुसरी अट पूर्ण होत नाही.

हिमोग्लोबिन 9.1 चे कारण लोहाची कमतरताच आहे असे मात्र पाहिल्याशिवाय धरू नका. रक्तपेशींच्या मोजणीच्या, म्हणजे सीबीसीच्या रिपोर्टवर पेशींचा सरासरी आकार आणि तांबड्या पेशींची एकूण संख्या दिलेली असते. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याही बहुधा घटते. पेशी फार लहान, पण संख्या मात्र भरपूर असेल, तर थॅलेसेमियाचा वाहकपणा आहे का, अशी शंका येते, आणि त्याचाही एचबीए1सीवर परिणाम होऊ शकतो. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची एक तपासणी आणि गरज वाटल्यास हिमोग्लोबिनच्या प्रकारांचा एचपीएलसी केला की हा प्रश्न मिटतो. पाळीतला रक्तस्राव स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवणे हे तर साखरेच्या प्रश्नाची वाट न बघता करायचे काम आहे.

मग उपाशीपोटीची 104 ही साखर काय सांगते? अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषांनुसार 100 ते 125 ही मधुमेहपूर्व पातळी आहे आणि 126 पासून पुढे मधुमेह. 104 वरून मधुमेह दिसत नाही. पण हा आकडाही मी डोळे झाकून घेणार नाही. रक्त नळीत काढल्यावरही पेशी जिवंत असतात आणि त्या साखर वापरत राहतात. रक्त तसेच राहिले तर साखर तासाला 5 ते 7 टक्के घटते. तुमच्या गावातल्या संकलन केंद्रावर सकाळी रक्त घेऊन ती पेटी एसटीने कणकवलीला पोहोचायला दोन तास लागले असतील आणि नळी साधी असेल, तर 104 च्या जागी मूळ आकडा 115 ते 120 असू शकतो. साखरेसाठी करड्या टोपणाची, फ्लोराइड असलेली नळी वापरतात, आणि तीसुद्धा पहिल्या तास-दोन तासांत ही घट पूर्ण थांबवत नाही. म्हणून नळी बर्फात ठेवणे किंवा रक्तद्रव लवकर वेगळा करणे महत्त्वाचे ठरते. एचबीए1सीची नळी याबाबतीत सोशिक आहे, फ्रीजच्या तापमानाला ती सुमारे आठवडाभर टिकते. पण उन्हाळ्यात गरम पेटीतून मुंबई-पुण्याला जाणाऱ्या नमुन्याचा भरवसा त्याआधीच संपतो. थोडक्यात, ग्लुकोजची तपासणी करायची तर जिथे रक्त घेतात तिथेच ते तपासले जाते, अशा ठिकाणी जाऊन करा. तुम्हाला कणकवलीपर्यंत जाणे जमत असेल तर पत्नीला स्वतः तिथे घेऊन जा आणि रक्त तिथेच द्या.

त्या तपासणीची तयारी अशी. आधीचे तीन दिवस त्यांनी रोजच्यासारखे जेवावे. साखरेच्या भीतीने भात आणि भाकरी सोडून तपासणीला येणारी माणसे पुष्कळ असतात, आणि त्यांची साखर ग्लुकोज प्यायल्यावर उलट खोटीच चढलेली दिसते, कारण दिवसाला 150 ग्रॅमहून कमी पिष्टमय अन्न खाल्ले तर शरीर अचानक आलेली साखर हाताळायला काहीसे सुस्त झालेले असते. रात्री जेवून किमान आठ तास काही खायचे नाही, पाणी चालते. चहा अर्थातच नाही. लॅबमध्ये आधी उपाशीपोटीचे रक्त घेतात, मग 75 ग्रॅम ग्लुकोज 250 ते 300 मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायला देतात. तिथपासून दोन तास मोजून पुन्हा रक्त. मधल्या वेळात त्यांनी तिथेच बसावे, बाजारात फिरून येऊ नये, आणि तंबाखूची सवय असेल तर तीही या दोन तासांत नको. ज्वर किंवा दुसरे आजारपण असेल तर तपासणी पुढे ढकलावी.

उपाशीपोटी 126 किंवा जास्त आणि दोन तासांनी 200 किंवा जास्त, असे दोन्ही आकडे आले तर मधुमेहाचे निदान झाले आणि गोळी सुरू करायला हरकत नाही. दोहोंपैकी एकच आकडा रेषेपलीकडे गेला, तर काही दिवसांनी तीच तपासणी पुन्हा करून पाहावी, कारण एचबीए1सीची साक्ष सध्या त्यांच्या बाबतीत ग्राह्य नाही. दोन तासांनंतरचा आकडा 140 ते 199 दरम्यान आला तर ती मधुमेहपूर्व स्थिती आहे. तिच्यावर खाण्यापिण्याचे आणि चालण्याचे उपाय चालतात, आणि डॉक्टरांना वाटले तर गोळीचाही विचार होतो. उपाशीपोटी 100 च्या आत आणि दोन तासांनी 140 च्या आत असे दोन्ही आकडे असतील, तर मधुमेह नाही.

इथे एका गोष्टीकडे तुमचे खास लक्ष वेधतो, कारण यात डॉक्टर आणि रुग्ण दोघेही फसतात. समजा तुमच्या पत्नीने 6.7 वरून मधुमेहाची गोळी सुरू केली आणि त्याच सुमारास लोहाच्या गोळ्याही सुरू झाल्या. लोह मिळाले की अस्थिमज्जा ताज्या पेशी बनवू लागते, रक्तातल्या पेशींचे सरासरी वय उतरते आणि दोन-तीन महिन्यांत एचबीए1सी आपोआप खाली येतो. त्याच यंत्रावर पुन्हा तपासल्यावर 6.1 दिसेल, गोळी लागू पडली असे सगळ्यांना वाटेल, आणि ज्या बाईला कदाचित मधुमेह नव्हताच, ती वर्षानुवर्षे त्या गोळीवर राहील. म्हणून हिमोग्लोबिन पूर्ववत होऊन सुमारे तीन महिने उलटेपर्यंत त्यांचा एचबीए1सी कोणत्याही यंत्रावर करू नका. त्यानंतर तो लॅबमध्ये, शिरेतल्या रक्तावर एकदा करा. पुढच्या वर्षांत तुलना करायला तोच आकडा उपयोगी पडेल.

तुमच्यासारखा प्रश्न असणाऱ्या इतर वाचकांसाठीही एवढे नोंदवतो की, कोणाला आयुष्यात प्रथमच मधुमेही ठरवायचे असेल, तेव्हा फक्त बोटातल्या रक्ताच्या यंत्राचा आकडा पुरेसा मानू नये. लक्षणे स्पष्ट नसतील तर निदानाला दोन स्वतंत्र निकाल लागतात, आणि त्यांतला किमान एक शिरेतल्या रक्तावर, प्रयोगशाळेत झालेला असावा. यंत्रावरचा आकडा 6 ते 7 च्या पट्टीत आला, तर पुष्टीची निकड सर्वांत जास्त असते. गरोदर बाई, नुकतेच रक्त चढवलेला माणूस, मूत्रपिंडाचा जुना आजार असलेला, रक्तक्षय असलेला किंवा हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार असलेला रुग्ण यांच्या बाबतीत लॅबचा एचबीए1सी ही पुष्टी नव्हे. तिथे ग्लुकोजच मोजावे लागते. आणि घरी ग्लुकोमीटरवर दिसणारी साखर एक सांगते आणि एचबीए1सी दुसरेच सांगतो, असे झाले तर आधी दोन्ही मापने तपासावीत, औषध नंतर बदलावे.

राहता राहिला तुमचा स्वतःचा आकडा, आणि तिथे उत्तर सोपे आहे. तुमचे निदान आठ वर्षांपूर्वीच झाले आहे, त्यामुळे यंत्राने कोणतीही रेषा ओलांडली की नाही हा प्रश्नच नाही. 8.4 ला तोच 5 टक्क्यांचा फरक लावला तरी तुमचा खरा आकडा 8.0 ते 8.8 दरम्यान पडतो. बहुतेक रुग्णांसाठी 7 च्या आसपासचे लक्ष्य ठेवतात, आणि त्या मानाने 8.0 असो की 8.8, तुमचे औषध वाढवायला हवे हा निर्णय बदलत नाही. केवळ हे ठरवण्यासाठी कणकवलीला जाऊन पैसे आणि दिवस घालवू नका. दवाखान्यातल्या यंत्राचा खरा उपयोग तुमच्यासारख्यांसाठीच आहे: आकडा तिथल्या तिथे मिळतो आणि डॉक्टर त्याच भेटीत औषध बदलू शकतात, रिपोर्टसाठी पुन्हा यावे लागत नाही.

पण 8.6 वरून 8.4 झाले म्हणून सुधारणा झाली असे मानू नका. सलग दोन निकालांत साधारण 0.5 चा फरक पडल्याशिवाय साखरेत खरा बदल झाला असे धरत नाहीत. त्याहून लहान चढ-उतार मापनाच्या आणि शरीराच्या रोजच्या फरकात बसतात. म्हणजे या तीन महिन्यांत तुमच्या साखरेत फरक पडला नाही असेच समजा, आणि डॉक्टरांना तसे सांगून औषधाचा आणि आहाराचा पुनर्विचार करायला लावा. पुढच्या तपासण्या त्याच यंत्रावर दर तीन महिन्यांनी करत राहा, कारण यंत्र बदलले की आकड्यांची तुलना ढिली होते. वर्षातून एकदा मूत्रपिंडाच्या तपासण्यांसाठी, म्हणजे क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनसाठी, तुम्हाला लॅबमध्ये जावेच लागेल. त्याच दिवशी शिरेतल्या रक्तावर एचबीए1सी आणि सीबीसी करून घ्या आणि शक्य तर त्याच आठवड्यात दवाखान्याच्या यंत्रावरचा आकडाही घ्या. दोन्ही आकडे तारखेसह, पद्धतीच्या नावासह एका कागदावर लिहून डॉक्टरांकडे द्या. ते यंत्र लॅबपेक्षा वर बोलते की खाली, आणि किती, हे त्यांना तुमच्या रक्तावरून कळेल.